निळा कोट नसलेला पीटर: चित्रावरून पात्र कसं ओळखायचं

प्रश्न: ताई, नागपुरात बर्डीवर जुन्या पुस्तकांच्या गठ्ठ्यात इंग्रजी चित्रपुस्तकाचं एक सुटं पान मिळालं, त्याचा फोटो सोबत पाठवलाय. मोठ्या झाडाच्या बुंध्याशी एक ससा लाल कापड अंगाला गुंडाळून उदास बसलाय आणि त्याच्याजवळ तपकिरी कोटातला दुसरा ससा आहे. पानावर मजकूर नाही, नाव नाही. माझी मुलगी म्हणते हा पीटर रॅबिट. पण पीटरचा कोट तर निळा असतो ना? मग हा कोण, आणि असं नुसत्या चित्रावरून ओळखायचं कसं?

उत्तर:

तुमची मुलगी बरोबर आहे. लाल कापडातला पीटर, आणि तपकिरी कोटातला त्याचा मावसभाऊ-मामेभाऊ जो काही म्हणाल तो, बेंजामिन बनी. पान इंग्रज लेखिका-चित्रकर्ती बिॲट्रिक्स पॉटर यांच्या 'द टेल ऑफ बेंजामिन बनी' या 1904 सालच्या पुस्तकातलं आहे. ते कापड म्हणजे सुती हातरुमाल. निळा कोट अंगावर नाही, कारण या क्षणी तो मॅकग्रेगर नावाच्या माणसाच्या बागेतल्या बुजगावण्याच्या अंगावर आहे.

आता हे कसं कळलं ते सांगते. धरमपेठेतल्या आमच्या बालवाचनालयात देणगीत येणाऱ्या पुस्तकांची निम्मी कव्हरं गेलेली असतात, सुटी पानं तर विचारूच नका. त्यांची वर्गवारी करताना मी एक क्रम पाळते. आधी चित्र काढणारा हात ओळखायचा, मग जागा, मग सोबतीला कोण आहे ते, आणि कपडे सगळ्यात शेवटी. बहुतेक लोक नेमकं उलटं करतात. निळा कोट दिसला की पीटर, नाही दिसला की पीटर नाही. कोट ही या पात्राची सर्वांत प्रसिद्ध खूण आहे आणि सर्वांत बेभरवशाचीही.

बेभरवशाची का, ते पहिल्याच पुस्तकात दिसतं. 1902 साली फ्रेडरिक वॉर्न या प्रकाशकाने काढलेल्या 'द टेल ऑफ पीटर रॅबिट'मध्ये पीटर बागेत शिरतो तेव्हा अंगात पितळी बटणांचा कोराकरकरीत निळा कोट असतो आणि पायात बूट. मॅकग्रेगर मागे लागतो. एक बूट कोबीत राहतो, दुसरा बटाट्यांत. मग कोटाची मोठाली बटणं गूजबेरीच्या झुडपावर टाकलेल्या जाळीत अडकतात आणि कोट तिथेच सोडून पीटर निसटतो. त्यापुढे पुस्तक संपेपर्यंत तो उघडाच आहे. म्हणजे ज्या पुस्तकाने तो कोट जगभर पोचवला, त्याच पुस्तकातल्या कितीतरी चित्रांत तो कोट नाही. त्यातलं एखादं पान सुटं हाती आलं, तर कोट शोधणारा माणूस 'साधा ससा' असं लिहून मोकळा होईल.

म्हणून हात आधी. पॉटरबाईंचा हात ओळखायला चष्मा नीट पुसून चार जागा पाहाव्या लागतात.

पहिली जागा म्हणजे चित्राची कड. त्यांच्या या छोट्या पुस्तकांतल्या बहुतेक रंगीत चित्रांना चौकट नसते. मध्यभागी प्राणी आणि त्याच्या भोवतालचं गवत, माती, भिंतीचा तुकडा नीट रंगवलेला. मग बाहेरच्या बाजूला रंग पातळ होत होत कोऱ्या पानात विरून जातो. तुमच्या फोटोत झाडाचा बुंधा डावीकडे असाच विरलेला आहे. पानाच्या काठापर्यंत आकाश, ढग, डोंगर सगळं भरून काढलेलं असेल तर मी लगेच सावध होते.

दुसरी जागा म्हणजे तोंड. या बाईंनी लहानपणापासून ससे, उंदीर, हेजहॉगसारखे जीव पाळले, त्यांची हाडं-सांधे बघून चित्रं काढली. पीटर आणि बेंजामिन ही दोन्ही नावं त्यांच्या स्वतःच्या पाळीव सशांची. त्यामुळे त्यांचा ससा कपड्यांतही ससाच राहतो. डोळे डोक्याच्या बाजूला, माणसासारखे समोर नाहीत. भुवया नाहीत. ओठ वर ओढून केलेलं हसू नाही. मग भाव कुठून येतो? कानांतून आणि अंगाच्या ठेवणीतून. तुमच्या पानावरचा लाल रुमालातला ससा उदास वाटतो असं तुम्ही लिहिलंत. आता बोटाने त्याचा चेहरा झाका आणि उरलेलं पाहा. तो तरीही उदास वाटेल. पाठीचा बाक, खांद्यावर घट्ट ओढलेला रुमाल, आत घेतलेले पंजे यांतच सगळं आहे. नक्कल करणाऱ्या चित्रकाराला हे जमत नाही, म्हणून तो चेहऱ्यावर हसू किंवा अश्रू काढून मोकळा होतो.

तिसरी जागा म्हणजे पंजे. अस्सल चित्रात पंजा हा पंजाच असतो, त्याला माणसासारखी सुटी बोटं नसतात. वस्तू धरायची वेळ आली की दोन्ही पंजांमध्ये धरली जाते किंवा काखेशी दाबली जाते. अंगठा आणि चार बोटं मोजता आली, तर हात दुसऱ्या कोणाचा तरी आहे हे नक्की.

चौथी जागा म्हणजे झाडपाला. बुरशी आणि वनस्पतींचा पॉटरबाईंचा अभ्यास शास्त्रज्ञाच्या तोडीचा होता. त्यांच्या चित्रात 'एक झाड' किंवा 'एक फूल' असं काही नसतं. लेट्यूस लेट्यूससारखा, जिरेनियम जिरेनियमसारखा. रंग पाण्याचे, पारदर्शक. बाह्यरेषा बारीक आणि तपकिरीकडे झुकणारी. काळी जाड रेषा दिसली तर तो हात त्यांचा नाही.

या हाताच्या आसपास आणखी काही ससे वावरतात, त्यांच्याशी गल्लत होते. नेदरलँड्सच्या डिक ब्रूना यांची मिफी 1955 पासूनची. चौकोनी पुस्तक, जाड काळी रेषा, सपाट रंग, तोंडाच्या जागी फुली, आणि ती कायम वाचकाकडे समोर बघते. तिच्याबाबत कोणाचा गोंधळ होत नाही. खरी गल्लत होते ती लिटल ग्रे रॅबिटशी. ॲलिसन अटली यांच्या गोष्टी आणि मार्गारेट टेंपेस्ट यांची चित्रं. मालिका 1929 साली सुरू झाली. तिथेही इंग्लंडचंच खेडं, कपडे घातलेला ससा, जलरंग. पण तिथे ती सशीण एका खारीबरोबर आणि एका रानसशाबरोबर एकाच घरात राहते. तिघांचा संसार आहे. पॉटरबाईंच्या जगातही खार आहे, पण तिची गोष्ट वेगळी, जागा वेगळी. ती पीटरच्या घरात चहा करत बसलेली नसते. एकाच चित्रात ससा, खार आणि लांब कानांचा रानससा एका टेबलाशी दिसले की समजायचं, आपण दुसऱ्या घरी आलो.

इथवर हात ठरला. पण हात फक्त घराणं सांगतो, नाव सांगत नाही. एकाच चित्रकर्तीने काढलेले दोन ससे चेहऱ्याने जवळजवळ सारखेच असणार, कारण ती खऱ्या सशाला धरून चालते, आणि खरे ससेही आपल्याला सारखेच दिसतात. पीटर, बेंजामिन, पीटरच्या तीन बहिणी, पुढे बेंजामिनची पिल्लं, हे सगळे एकाच तपकिरी रंगाचे आहेत. कान मोजून काही हाती लागत नाही. इथे जागेकडे वळावं लागतं.

पीटरच्या गोष्टींत मोजक्याच जागा पुन्हा पुन्हा येतात, आणि त्यातल्या दोन ओळखता आल्या की बरंच काम होतं. एक म्हणजे घर: खूप मोठ्या फर वृक्षाच्या मुळाखाली, वाळूच्या बांधात असलेलं बीळ. पहिल्या पुस्तकाच्या अगदी सुरुवातीलाच हे घर आहे. दुसरी जागा म्हणजे मॅकग्रेगरची भाजीची बाग: ओळीत लावलेला कोबी, लेट्यूसचे वाफे, काकडीसाठीच्या काचेच्या पेट्या, अवजारांची खोली, झारी, पाण्याचं छोटं तळं, आणि ज्याच्याखालून सरपटत जावं लागतं ते फाटक. बेंजामिनच्या पुस्तकात बागेला उंच भिंत आणि भिंतीला टेकलेलं पेअरचं झाड येतं, कुंड्या-टपांची गर्दी येते. 1903 च्या उन्हाळ्यात पॉटरबाई इंग्लंडच्या लेक डिस्ट्रिक्टमध्ये डर्वेंटवॉटर तळ्याकाठच्या फॉ पार्क नावाच्या घरी राहिल्या होत्या, तिथल्या बागेची त्यांनी भरपूर रेखाटनं केली आणि तीच बाग या पुस्तकात उतरली. त्यामुळे दोन पुस्तकांतली बाग गोष्टीत एकच असली तरी चित्रात सारखी दिसत नाही. भिंत, पेअर आणि कुंड्या असतील तर बेंजामिनचं पुस्तक; गूजबेरीची जाळी, झारी आणि तळं असेल तर पीटरचं.

तुमच्या पानावर यांपैकी बाग नाहीच. तुम्हाला त्याचमुळे शंका आली असेल. पण झाड आहे, आणि त्याच्या मुळाशी उघडी वाळूची माती आहे. बुंधा तांबूस-करडा, सालीवर उभ्या भेगा, मुळं जमिनीवर आलेली. हे घराजवळचं ठिकाण आहे. म्हणजे गोष्ट बागेत जाण्याआधीची किंवा परत आल्यानंतरची. ससा लाल कापडात आणि झाडाखाली, हे दोन्ही एकत्र धरलं की एकच क्षण उरतो. पीटर आदल्या दिवशी कपडे गमावून आलेला आहे, घराबाहेर एकटा बसलेला आहे, आणि बेंजामिन झाडाला वळसा घालून येतो तो जवळजवळ त्याच्या अंगावरच पडतो. मग तो हळूच विचारतो की तुझे कपडे कोणाकडे आहेत. उत्तर येतं, मॅकग्रेगरच्या बागेतल्या बुजगावण्याकडे. तिथून पुढची सगळी गोष्ट म्हणजे ते कपडे परत आणायची मोहीम.

आता सोबती. सोबतीचा उपयोग कसा करायचा, यात एक बारकावा आहे. नुसता 'अजून एक ससा आहे' एवढ्याने काही सिद्ध होत नाही. सोबत्याची स्वतःची खूण वेगळी असली पाहिजे आणि ती पहिल्या पात्राच्या खुणेवर अवलंबून नसली पाहिजे. पीटरच्या बहिणी फ्लॉप्सी, मॉप्सी आणि कॉटनटेल तांबड्या-गुलाबी झग्यांत, हातात टोपल्या, ब्लॅकबेरी वेचायला निघालेल्या दिसतात. त्या तिघींबरोबर चौथा ससा असेल तर तो पीटर, अंगात काही असो वा नसो. बागेत उघडा ससा आणि जवळ छोटासा रॉबिन पक्षी, किंवा तळ्याकाठी पांढरी मांजर बसलेली, किंवा तोंडात वाटाणा धरलेली म्हातारी उंदरीण, तर तोही पीटरच, कोट हरवल्यानंतरचा. ही छोटी पात्रं फार कामाची आहेत, कारण नक्कल करणारे मुख्य पात्र नेमाने उचलतात आणि या छोट्यांना विसरतात.

बेंजामिनची स्वतःची खूण म्हणजे तपकिरी कोट आणि पायात लाकडी तळाचे जोडे. हे जोडे गोष्टीत महत्त्वाचे आहेत; वाफ्यात उमटलेले त्यांचे ठसे स्पष्ट दिसतात असं लेखिका मुद्दाम सांगते. तुमच्या फोटोत खालची कड कापली गेली आहे. पान हातात आहे, तर तपकिरी कोटवाल्याचे पाय पाहा. जोडे दिसले तर बेंजामिनबद्दल शंकाच राहत नाही.

हिरवी गोंडेदार टोपी मात्र शोधू नका. बाजारात मिळणाऱ्या कपांवर, पडद्यांवर बेंजामिन नेहमी ती टोपी घालून असतो, त्यामुळे टोपी नाही म्हणजे बेंजामिन नाही असं लोकांना वाटतं. पण ती टोपी मुळात मॅकग्रेगरची. ती बुजगावण्याच्या डोक्यावर असते, आणि बेंजामिन ती बागेत पोचल्यावर डोक्यावर चढवून बघतो. त्याला ती मोठी होते. झाडाखालच्या भेटीत ती त्याच्याकडे असूच शकत नाही. म्हणजे टोपी नसणं हे इथे आपल्या बाजूचं आहे. तिच्यावरून पात्र ठरत नाही, गोष्टीतली वेळ ठरते.

रुमालाचंही तसंच. कपडे परत मिळाल्यावर त्याच लाल रुमालात ते दोघं कांदे भरतात, बेंजामिनच्या मते मावशीला भेट म्हणून. त्यामुळे रुमाल अंगावर असेल तर गोष्टीचा पूर्वार्ध, गाठोडं झालेला असेल तर उत्तरार्ध. आणि उत्तरार्धात दोन सशांपैकी पीटर कोणता हे कोट न बघताही कळतं. बेंजामिन बागेत घरच्यासारखा वावरतो, लेट्यूस खातो. पीटर काही खात नाही, त्याला सारखे आवाज ऐकू येतात, घरी जायचं म्हणतो आणि अर्धे कांदे खाली सांडतो. चित्रातही एक ससा मोकळा उभा आणि एक कान ताठ करून आकसलेला, असा फरक दिसतो. मुलांबरोबर पुस्तक वाचताना मी आधी हाच फरक विचारते, रंग नंतर. सहा वर्षांचं मूलही क्षणात सांगतं कोण घाबरलंय ते. तुमच्या मुलीनेही बहुधा त्याच ठेवणीवरून पीटर ओळखला असेल. कोट नसल्याचा प्रश्न तिला पडलाच नाही.

मग कपडे शेवटी का होईना, बघायचे की नाही? बघायचे, पण पडताळा म्हणून. हात, जागा आणि सोबती यांतल्या किमान दोन गोष्टी स्वतंत्रपणे एकाच नावाकडे गेल्या पाहिजेत, आणि कपड्यांचं कारण गोष्टीत सापडलं पाहिजे. तुमच्या पानात हात पॉटरबाईंचा, जागा पीटरच्या घरची, सोबती बेंजामिन, आणि लाल रुमालाचं कारण गोष्टीत आहे. चारही जुळले.

चारही जुळत नाहीत अशी उदाहरणं जास्त येतात, म्हणून एक सांगते. एका बालवाडीच्या भिंतीवरच्या तक्त्याचा फोटो मला एका शिक्षिकेने दाखवला होता. निळ्या कोटातला ससा, दोन पायांवर उभा, तोंडभर हसू, हातात लाल गाजर, शेजारी खार आणि फुलपाखरू, मागे हिरव्या टेकड्या. खाली नाव नाही. हा पीटर का?

हात तपासला. चित्र काठापर्यंत भरलेलं, रेषा काळी, डोळे समोर, पंजाला चार बोटं. हात पॉटरबाईंचा नाही. म्हणजे अस्सल पान नाही एवढं ठरलं, पण पात्र तेच असू शकतं. दुसऱ्या कोणीतरी पुन्हा काढलेलं. अशी पुन्हा काढलेली चित्रं अमाप आहेत आणि त्याला कारण आहे. अमेरिकेत वॉर्नने पहिल्या पुस्तकाची कॉपीराइट नोंदणीच केली नव्हती, त्यामुळे थोड्याच काळात तिथे दुसऱ्यांनी आपापल्या आवृत्त्या काढल्या. आपल्याकडे लेखकाच्या मृत्यूनंतर 60 वर्षं हक्क राहतो. पॉटरबाई डिसेंबर 1943 मध्ये गेल्या, म्हणजे 2003 संपलं तसा भारतातला हक्कही संपला. त्यानंतर कोणीही कायदेशीरपणे पीटरची गोष्ट नव्या चित्रांसह छापू शकतो, आणि छापतातही.

नक्कल असेल तर हात निरुपयोगी होतो आणि सगळा भार जागा व सोबती यांवर येतो. तक्त्यावरची जागा म्हणजे कुठल्याही टेकड्या. बाग नाही, वाफा नाही, फाटक नाही. सोबती म्हणजे खार आणि फुलपाखरू. यांतलं कोणीही पीटरच्या गोष्टीचं नाही. उरलं काय, निळा कोट आणि गाजर.

गाजराकडे थोडं थांबून पाहायला हवं, कारण नागपुरात ते हमखास फसवतं. पीटर बागेत उभा राहून काहीतरी लांब, लालसर खातो आहे आणि फावड्याच्या मुठीवर रॉबिन बसलाय, हे पॉटरबाईंचं फार प्रसिद्ध चित्र आहे. गोकुळपेठच्या बाजारात हिवाळ्यात लालभडक गाजरांचे ढीग लागतात, आणि आपला मुळा पांढरा. त्यामुळे ते चित्र बघणारा प्रत्येक जण म्हणतो, ससा गाजर खातोय. प्रत्यक्षात ते लाल सालीचे लांबट मुळे आहेत. मजकुरात क्रमच दिला आहे: आधी लेट्यूस, मग फरसबी, मग मुळे, आणि पोट बिघडल्यावर पार्सली शोधायला निघणं. पाल्याकडे बघितलं तरी कळतं. गाजराचा पाला बारीक, कोथिंबिरीसारखा चिरलेला. मुळ्याचं पान रुंद, खडबडीत. तक्त्यावरच्या सशाच्या हातात बारीक पाल्याचं स्पष्ट गाजर होतं. म्हणजे चित्रकाराने पॉटरबाईंचं चित्र समोर ठेवून नक्कलही केली नव्हती. ससा आणि गाजर ही जोडी डोक्यात होती, त्यावर निळा कोट चढवला.

मी त्या शिक्षिकेला 'निळ्या कोटातला ससा, पीटरवरून सुचलेला असावा, पण पीटर नाही' असं सांगितलं. त्यांना ते पटायला वेळ लागला, कारण मुलं त्याला पीटरच म्हणत होती. मुलांनी म्हणावं, काही बिघडत नाही. पण वाचनालयाच्या नोंदीत पात्राचं नाव लिहायचं तर त्याला आधार लागतो, आणि कोट एवढाच आधार असेल तर तो पुरत नाही.

पडद्यावरच्या पीटरची भर पडल्यापासून एक आणखी शाखा तयार झाली आहे. 2012 ची दूरचित्रवाणी मालिका आणि 2018 चा चित्रपट यांवरून निघालेली चित्रपुस्तकं दुकानांत भरपूर आहेत. तिथे हात संगणकाचा, म्हणजे लोकर केसन्‌केस चमकणारी आणि डोळे मोठे. ही शाखा सोबत्यांवरून झटकन कळते. मालिकेत पीटर आणि बेंजामिनबरोबर लिली बॉबटेल नावाची सशीण कायम असते. ती पॉटरबाईंच्या कोणत्याही पुस्तकात नाही. तीन मित्रांची टोळी, त्यात एक मुलगी, आणि ती पीटरची बहीण नाही, असं दिसलं की ते पान मालिकेचं. पात्र पीटरच, पण नोंद वेगळी करावी लागते, नाहीतर मूळ पुस्तक मागणाऱ्याच्या हाती मालिकेचं पुस्तक पडतं.

या पद्धतीची हद्दही सांगायला हवी. पॉटरबाईंच्याच हातचा, उघडा, एकटा ससा, मागे फक्त गवत, सोबतीला कोणी नाही, असं पान आलं तर नाव सांगता येत नाही. त्यांनी गोष्टींबाहेरही सशांचा कितीतरी अभ्यास काढून ठेवला आहे आणि तो पुढे छापलाही गेला. अशा वेळी 'पॉटर, ससा, पात्र अनिश्चित' एवढंच लिहिते. मोठे झालेले ससे हीही अडचण आहे. 1909 च्या 'द टेल ऑफ द फ्लॉप्सी बनीज'मध्ये बेंजामिनचं फ्लॉप्सीशी लग्न झालेलं आहे, त्यांना सहा पिल्लं आहेत, आणि पीटरची स्वतःची भाजीची बाग आहे. तिथे लहानपणीच्या खुणांवर विसंबलं तर बाप कोण आणि मामा कोण यात घोळ होतो. त्या पुस्तकाची खूण म्हणजे झोपलेल्या पिल्लांचा घोळका, कचऱ्याच्या ढिगाशेजारचं गवत, गोणपाट, आणि टॉमसिना टिटलमाउस नावाची उंदरीण. पिल्लं दिसली की आधी ती मोजा.

तुमच्या पानाबद्दल एक काम राहिलं. ते जुन्या आवृत्तीचं आहे की नव्या पुनर्मुद्रणाचं, हे पात्रावरून ठरत नाही. त्यासाठी पानाचं माप घ्या. वॉर्नची मूळ पुस्तकं लहान मुलाच्या हातात मावतील अशी, साधारण 14 सेंटिमीटर उंचीची होती, आणि मजकूर व चित्र समोरासमोरच्या पानांवर असायचं. तुमचं पान याहून बरंच मोठं असेल तर ते एखाद्या एकत्रित संग्रहाचं असणार. मापाएवढंच असेल तरी जुनंच आहे असं लगेच धरू नका, त्याच आकारात आजही छपाई होते. कागदाचा पिवळेपणा तर नागपूरच्या उन्हाळ्यात दहा वर्षांतही येतो, त्यावर जाऊ नका.

पानाच्या मागे, कोपऱ्यात, मऊ पेन्सिलीने लिहून ठेवा: पीटर रॅबिट (लाल रुमालात) आणि बेंजामिन बनी, फर वृक्षाखालची भेट, 'द टेल ऑफ बेंजामिन बनी', पॉटर, 1904, आवृत्ती अनिश्चित. त्याखाली ओळख कशावरून पटवली तेही चार शब्दांत लिहा: हात, झाड, सोबती, रुमाल. आणि पाय बघितल्यावर जोडे दिसले की नाही ते मला कळवा.